नवोदयची सहावीची निवड: वय, जिल्हा आणि आरक्षणाचं गणित

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाबद्दल पालक पहिला प्रश्न विचारतात तो अभ्यासाचा: कोणतं पुस्तक घ्यायचं, क्लास लावायचा का, किती मार्क पडले की नंबर लागतो. पण मूल परीक्षेला बसण्याच्या काही महिने आधी, अर्जातल्या चार-पाच रकान्यांमध्ये, बऱ्याच गोष्टी ठरून गेलेल्या असतात. मूल परीक्षेला पात्र आहे का, कोणत्या जिल्ह्यातून बसतं, ग्रामीण धरलं जातं की शहरी, आणि कोणत्या प्रवर्गात मोजलं जातं, हे अर्ज भरताना ठरतं. नव्वदच्या पुढे मार्क मिळतील इतकी तयारी झालेल्या मुलाचा प्रवेशही यातल्या एका चुकीने हातचा जाऊ शकतो. म्हणून इथे अभ्यासापेक्षा निवडीची यंत्रणा नीट उलगडून पाहू.

थोडी पार्श्वभूमी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही विद्यालयं उभी राहिली. पहिली दोन १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली नवोदय विद्यालय समिती ती चालवते. शाळा सीबीएसईची, मुलामुलींची एकत्र आणि पूर्ण निवासी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि पुढचं सगळं गणित या ८० जागांभोवती फिरतं.

जन्मतारखेची चौकट

वयाची अट "इतकी वर्षं पूर्ण" अशी लिहिलेली नसते. दोन तारखा दिलेल्या असतात आणि मुलाचा जन्म त्यांच्या दरम्यानचा असावा लागतो. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी १ मे २०१३ ते ३१ जुलै २०१५ ही चौकट होती. २०२६-२७ साठी ती १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ झाली. दोन्ही टोकांच्या तारखा धरून. गेली काही वर्षं दोन्ही तारखा दरवर्षी बरोबर एक वर्षाने पुढे सरकत आल्या आहेत. त्यामुळे आपलं मूल कोणत्या वर्षी चौकटीत येईल याचा अंदाज तिसरीतच बांधता येतो. शेवटचा शब्द मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकाचा.

या तारखांचा अर्थ वयात सांगायचा तर असा: ज्या वर्षी सहावीत जायचं त्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत मुलाला दहा वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि १ मे रोजी ते बारा वर्षांपेक्षा मोठं नको. म्हणजे सव्वादोन वर्षांची खिडकी आहे. आपल्याकडे नेहमीच्या वयात पहिलीत गेलेलं मूल यात आरामात बसतं. अडचण येते ती उशिरा शाळेत घातलेल्या मुलांची. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात म्हणून एखादं वर्ष गेलेलं असतं, किंवा कोरोनाच्या काळात पहिलीचा दाखलाच लांबलेला असतो. अशा मुलांच्या तारखा खालच्या टोकाजवळ येतात आणि तिथे एका दिवसाचा फरकसुद्धा मोजला जातो. ही अट अनुसूचित जाती-जमातींसह सगळ्या प्रवर्गांना सारखीच आहे. सरकारी नोकरीत वयाची सवलत असते तशी इथेही असेल, हा समज चुकीचा आहे.

दुसरी अडचण तारीख नेमकी कोणती धरायची याची. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरी आणि आधार कार्डावर तिसरी, असं अजूनही पुष्कळ घरांत आढळतं. शाळेत नाव घालताना अंदाजे सांगितलेली तारीख पुढे तशीच चालत राहते. अर्जातली माहिती मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रमाणपत्रावर आधारलेली असते आणि ते प्रमाणपत्र शाळेच्या रजिस्टरवरून भरलं जातं. प्रवेशाच्या वेळी मात्र सक्षम अधिकाऱ्याने दिलेला जन्मदाखला मागतात. दोन्हीत फरक निघाला की खुलासे करत बसावं लागतं, आणि वय जास्त असल्याची शंका आली तर मुलाला वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याची तरतूदही आहे. शाळेच्या रजिस्टरातली तारीख बदलणं मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या हातात नसतं, त्यासाठी शिक्षण खात्याची परवानगी लागते आणि त्यात महिने जातात. तिन्ही कागद चौथीच्या सुरुवातीलाच शेजारी ठेवून पाहावेत. पाचवीत अर्ज सुरू झाल्यावर फरक लक्षात आला तर हातात वेळ उरत नाही.

वयाइतकीच कडक दुसरी अट आहे आणि ती अनेकांना माहीतच नसते: ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. "यंदा नाही लागला तर पुन्हा पाचवीत बसवू" हा विचार काही घरांत होतो. तो चालत नाही. परीक्षेच्या वर्षी मूल पाचवीत पहिल्यांदाच शिकत असलं पाहिजे. आधीच पाचवी पास झालेलं किंवा पाचवीत दुसऱ्यांदा बसलेलं मूल अपात्र ठरतं, जन्मतारीख चौकटीत असली तरी. शिवाय तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण सत्र शिकलेलं असावं लागतं. गावात मान्यता नसलेली खासगी शाळा असेल तर तिथली वर्षं यात धरली जात नाहीत. शाळेला मान्यता आहे का, हे तिच्या यूडायस क्रमांकावरून पाहता येतं.

जिल्हा: घर आणि शाळा दोन्ही एकाच ठिकाणी

नवोदयची स्पर्धा राज्याची नाही, जिल्ह्याची आहे. शिरूरजवळच्या पिंपळे जगताप इथलं विद्यालय पुणे जिल्ह्याचं, दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावचं नाशिकचं, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचं अहिल्यानगरचं. ज्या जिल्ह्याचं विद्यालय, त्याच जिल्ह्याच्या मुलांमधून ८० जणांची निवड. म्हणून "कटऑफ किती" या प्रश्नाला राज्याचं एक उत्तर नसतं. शेजारच्या दोन जिल्ह्यांत ते वेगळं, आणि एकाच जिल्ह्यात मुलगे-मुली, ग्रामीण-शहरी, प्रवर्ग यांप्रमाणे पुन्हा वेगळं. मोबाइलवर फिरणारे कटऑफचे आकडे आपल्या मुलाला लागू होतीलच असं नाही, कारण ते कोणत्या जिल्ह्याचे आणि कोणत्या यादीचे हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

पात्रतेसाठी दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात असाव्या लागतात. कुटुंबाचं वास्तव्य त्या जिल्ह्यातलं हवं आणि मूल पाचवीला त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असलं पाहिजे. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या गावांना याचा फटका बसतो. घर एका जिल्ह्यात, आणि जवळची चांगली शाळा ओढ्यापलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती असेल तर त्या मुलाला कोणत्याच जिल्ह्यातून बसता येत नाही. ज्या जिल्ह्यात शाळा तिथलं वास्तव्य नाही आणि जिथे वास्तव्य तिथे शाळा नाही. पाचवीच्या सुरुवातीलाच घराच्या जिल्ह्यातल्या शाळेत नाव घातलं तर हा प्रश्न उरत नाही. मात्र ग्रामीण गटाचा लाभ हवा असेल तर ती शाळाही ग्रामीण भागातली हवी, आणि त्याकडे आपण आता वळतोच आहोत.

जिल्ह्याचं विभाजन झालं तर काय, हेही नियमात आहे. नव्या जिल्ह्यात स्वतंत्र नवोदय सुरू होईपर्यंत जुन्या जिल्ह्याच्याच हद्दी धरल्या जातात. नवीन जिल्हा झाला म्हणून तिथली मुलं बाहेर पडत नाहीत.

सैनिक शाळेच्या परीक्षेची तयारी करणारे पालक इथे गोंधळतात, म्हणून तेवढा फरक सांगून ठेवतो. सैनिक शाळेत सहावीसाठी वय ३१ मार्च रोजी दहा ते बारा वर्षं असं मोजतात आणि तिथे जागा जिल्ह्यावर नाही तर राज्यावर वाटलेल्या असतात: ६७ टक्के शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांना आणि बाकीच्या इतर राज्यांतल्यांना. एका परीक्षेचे नियम दुसरीला लावू नयेत.

ग्रामीण की शहरी: घर नव्हे, शाळा पाहतात

जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांनी भरायच्या असतात. ८० जागांचे ७५ टक्के म्हणजे ६०. उरलेल्या २० जागा खुल्या स्पर्धेच्या. शहरी मुलांसाठी राखून ठेवलेल्या नव्हेत. त्या २० मध्ये ग्रामीण मुलंही गुणांच्या जोरावर येऊ शकतात आणि येतात. म्हणजे शहरी धरल्या गेलेल्या मुलाला ६० जागांचं दार बंद असतं, आणि उरलेल्या २० साठी त्याला सगळ्या जिल्ह्याशी झुंजावं लागतं. अर्जातल्या या एका रकान्याने जेवढा फरक पडतो तेवढा फरक क्लास लावूनही पडत नाही.

आता "ग्रामीण" म्हणजे काय? इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मूल कुठे राहतं यावर हे ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्तांमध्ये ते ज्या शाळेत शिकलं ती शाळा ग्रामीण भागात होती का, यावर ठरतं. आणि तिन्ही वर्षं पूर्ण सत्र. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असेल तरी ते शहरी धरलं जातं. वाडीवर राहणारं आणि रोज व्हॅनने तालुक्याच्या गावच्या इंग्रजी शाळेत जाणारं मूल म्हणूनच शहरी ठरतं. घरी सातबारा आहे, रेशनकार्ड गावचं आहे, ग्रामपंचायतीचा दाखला आहे, याने त्यात बदल होत नाही. उलट, शहरात घर असून जवळच्या खेड्यातल्या शाळेत तिन्ही वर्षं शिकलेलं मूल ग्रामीण धरलं जातं.

शहरी भाग कोणता, हे २०११ ची जनगणना आणि त्यानंतर सरकारने काढलेल्या अधिसूचनांवरून ठरतं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत अनेक तालुक्यांच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं गेली आणि २०२१ मध्ये आणखी २३. लोकांच्या तोंडी ते "गाव"च असतं, शाळा जिल्हा परिषदेची असते किंवा काल-परवापर्यंत होती, पण कागदावर तो भाग शहरी झालेला असतो. शाळेच्या फाटकावरच्या पाटीवरून अंदाज बांधू नये. शाळा ज्या ठिकाणी आहे तिथली स्थानिक संस्था ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत आहे, नगरपरिषद आहे की महापालिका, हे मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून पक्कं करावं.

८० जागा कशा वाटल्या जातात

आरक्षणाचे नियम ऐकायला गुंतागुंतीचे वाटतात, आकडे घालून पाहिले की सुटतात.

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींना त्या जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. मात्र हे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाच्या खाली जात नाही, म्हणजे अनुसूचित जातींसाठी किमान १५ टक्के आणि जमातींसाठी किमान साडेसात टक्के. वरच्या बाजूला दोन्ही मिळून ५० टक्क्यांची मर्यादा आहे. इतर मागासवर्गाला २७ टक्के, आणि ते याच्या वेगळे. मुलींना एकूण किमान एक तृतीयांश जागा. दिव्यांग मुलांसाठी केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आरक्षण आहेच.

समजा एका जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या १२ टक्के आणि जमातींची १४ टक्के आहे. जातींचं प्रमाण १५ च्या खाली आहे म्हणून १५ टक्के धरायचे, ८० पैकी १२ जागा. जमातींचं १४ टक्के हे साडेसातच्या वर आहे म्हणून तेच धरायचं, साधारण ११ जागा. इतर मागासवर्गाचे २७ टक्के म्हणजे साधारण २२. या तिन्हींची बेरीज ४५. राहिल्या ३५, त्या सर्वसाधारण गुणवत्तेच्या. आता नंदुरबारसारखा जिल्हा घ्या. तिथे २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या तर ५५ होतील, पण जाती आणि जमाती मिळून ५० टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे दोघांसाठी एकत्रित ४० जागाच राखता येतात. शेजारच्या जिल्ह्याचं जागावाटप आपल्याला का लागू होत नाही, ते यावरून दिसतं.

पण राखीव जागा म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. सर्वसाधारण गुणवत्तेची यादी सगळ्यांसाठी खुली असते. अनुसूचित जातीच्या एखाद्या मुलीने त्या यादीत येण्याइतके गुण मिळवले तर तिची निवड तिथूनच होते आणि राखीव १२ पैकी एकही जागा तिच्या नावावर खर्ची पडत नाही. त्या १२ जागा तिच्या मागच्या मुलांना राहतात. त्यामुळे "राखीवमधून अर्ज भरला तर खुल्या जागेवरचा हक्क जातो" ही भीती खरी नाही. प्रवर्ग लिहिल्याने मूल जास्तीच्या एका यादीत मोजलं जातं, कुठल्याही यादीतून वगळलं जात नाही.

मुलींचा नियमही असाच आडवा जातो. ८० चा एक तृतीयांश म्हणजे २७ मुली किमान. हा वेगळा प्रवर्ग नाही, सगळ्या प्रवर्गांना छेदून जाणारी अट आहे. गुणांनुसार यादी लावल्यावर मुली कमी पडत असतील तर ती संख्या पुरी होईपर्यंत मुलांपेक्षा मुलींना प्राधान्य दिलं जातं. एकाच वाड्यावरच्या दोन भावंडांत जास्त गुण असलेला मुलगा मागे राहिला आणि मुलगी लागली, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं. ग्रामीणच्या ७५ टक्क्यांचंही तसंच. म्हणजे प्रत्येक निवडलेलं मूल एकाच वेळी तीन-चार हिशेबांत मोजलं जातं: ग्रामीण, मुलगी, इतर मागासवर्ग, दिव्यांग.

महाराष्ट्रातली प्रवर्गाची अडचण

नवोदय केंद्राची संस्था आहे, त्यामुळे इतर मागासवर्गासाठी केंद्रीय यादी लागते. आपल्या राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड, विशेष मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग अशी विभागणी आहे. अर्जात ही नावं मिळणार नाहीत. तिथे सर्वसाधारण, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती एवढेच पर्याय.

मग एनटी-क च्या दाखल्यावरच्या धनगर कुटुंबाने काय भरायचं? धनगर समाज महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहे, म्हणून इतर मागासवर्ग. कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा हेही त्या यादीत आहेत. पण ज्यांच्याकडे केवळ राज्याचा एसईबीसीचा दाखला आहे त्या मराठा कुटुंबांना तो इथे उपयोगाचा नाही, त्यांनी सर्वसाधारणच भरायचं. विमुक्त आणि भटक्यांमधल्या बाकीच्या जातींनी आपलं नाव केंद्रीय यादीत शोधून मगच रकाना भरावा, कारण "राज्यात राखीव म्हणजे केंद्रातही राखीव" असं गृहीत धरता येत नाही.

दाखल्याचा नमुनाही केंद्राचाच लागतो. राज्याच्या नमुन्यातलं जातप्रमाणपत्र हातात असलं तरी केंद्रीय नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. जून-जुलैमध्ये सेतूवर कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी असते, त्यामुळे अर्ज भरला त्याच महिन्यात दाखल्यालाही हात घातलेला बरा. निकाल लागल्यावर कागद तपासणीला दिवस थोडे मिळतात.

एका मुलीचा अर्ज, रकान्यागणिक

उदाहरण म्हणून २०२६-२७ च्या प्रवेशासाठी बसणारी एक मुलगी घेऊ. शिरूर तालुक्यातल्या वाडीवर घर, समाज धनगर, पाचवी गावच्या जिल्हा परिषद शाळेत. पहिलीला ती एक वर्ष उशिरा गेली. जन्मदाखल्यावर तारीख ३ मे २०१४ आहे, शाळेच्या रजिस्टरला २३ एप्रिल २०१४. चौथीला तिला शिरूर शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, दिवाळीनंतर जमेना म्हणून परत गावच्या शाळेत आणलं.

आधी वय. जन्मदाखल्याप्रमाणे ती चौकटीत आहे, अवघ्या दोन दिवसांनी. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे ती आठ दिवसांनी बाहेर आहे. मुख्याध्यापक रजिस्टर पाहून प्रमाणपत्र देणार, म्हणजे रजिस्टर दुरुस्त झाल्याशिवाय तिचा अर्जच उभा राहत नाही. घरच्यांनी जन्मदाखला घेऊन दुरुस्तीचा प्रस्ताव वेळेत दिला असेल तर ती पात्र, नाहीतर नाही.

जिल्ह्याची अडचण नाही: घर आणि शाळा दोन्ही पुणे जिल्ह्यात. ग्रामीणचा रकाना मात्र जातो. शिरूरला नगरपरिषद आहे. चौथीचे चार-पाच महिने ती शहरी शाळेच्या पटावर होती, म्हणून बाकीची सगळी वर्षं गावात काढूनही ती शहरी. घरच्यांनी, किंवा "काही होत नाही" म्हणणाऱ्या कुणी, तिचा अर्ज ग्रामीण म्हणून भरला तर निवड झाल्यावर तिसरी ते पाचवीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं जाईल, त्यात शिरूरची शाळा दिसेल आणि चुकीच्या माहितीवर झालेली निवड रद्द होईल. परीक्षा एकदाच देता येत असल्यामुळे तिथे सगळं संपतं. शहरी म्हणून खरा अर्ज भरला तर स्पर्धा कठीण होते, पण मुलगी म्हणून आणि इतर मागासवर्ग म्हणून मिळणारा लाभ कायम राहतो. प्रवर्गात एनटी-क शोधत न बसता इतर मागासवर्ग निवडायचं आणि केंद्रीय नमुन्यातल्या दाखल्यासाठी लगेच अर्ज टाकायचा.

अर्ज आणि दुरुस्तीची खिडकी

अर्ज navodaya.gov.in वरून ऑनलाइन भरायचा, त्याला शुल्क नाही. आधी तिथून प्रमाणपत्राचा छापील नमुना उतरवून घ्यायचा, त्यावर मुलाचा फोटो लावायचा, माहिती भरून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा. मग त्या कागदाची, मुलाच्या फोटोची आणि मूल व पालक दोघांच्या सह्यांची चित्रं चढवायची. सायबर कॅफेत घाईत भरलेल्या अर्जात नेहमी दिसणाऱ्या चुका दोन: परीक्षेचं माध्यम आणि ग्रामीण-शहरी. माध्यम म्हणून मूल ज्या भाषेत शिकतं तीच भाषा निवडावी. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी हा निर्णय घरी बसून घ्यावा, कॅफेवाल्यावर सोडू नये, कारण परीक्षेच्या दिवशी प्रश्नपुस्तिकेची भाषा बदलून मिळत नाही.

मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडतात. त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि माध्यम एवढंच बदलता येतं. जन्मतारीख त्यात नाही. म्हणून अर्ज सादर केल्यावर त्याची प्रत छापून घेऊन मूळ कागदांशी ओळ-ओळ ताडून पाहावी.

परीक्षेचे दोन तास

परीक्षेबद्दल थोडक्यात. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण, प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. बुद्धिमत्ता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. प्रश्नामागे सरासरी दीड मिनिट मिळतं. दिव्यांग मुलांना ४० मिनिटं जास्त.

निम्मे गुण बुद्धिमत्तेचे आहेत आणि ते सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखणं, तशीच आकृती शोधणं, अपुरी आकृती पुरी करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती. असे दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. त्यांत भाषा जवळजवळ नाही, म्हणून मराठी शाळेतलं मूल इथे कुणाच्याही मागे नसतं. भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न, उत्तरं उताऱ्यातच असतात.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरं ओएमआर कागदावर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल भरून द्यायची असतात, आणि एकदा भरलेलं बदलता येत नाही. खोडून दुसरं गोल भरलं, व्हाइटनर लावलं, की ते उत्तर बाद. दहा वर्षांच्या मुलाला हा कागद परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा दिसू नये. मूल एक प्रश्न सोडून पुढे जातं आणि उत्तरं एकेक ओळ वर भरत सुटतं, ही चूक सरावात चार-दोन वेळा पकडली की पुन्हा होत नाही. निकाल यंत्राने लागतो आणि फेरतपासणीची सोय नाही, त्यामुळे अशी चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

निवड झाल्यावर, आणि न झाल्यावर

यादीत नाव आलं तरी ती निवड तात्पुरती असते. जन्मदाखला, वास्तव्याचा पुरावा, तिसरी ते पाचवीच्या शाळांचं प्रमाणपत्र, प्रवर्गाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र हे सगळं जुळल्यावर प्रवेश पक्का होतो. पालकांना स्थलांतर योजनेची संमतीही द्यावी लागते: नववीत हिंदी भाषक आणि बिगरहिंदी भागांतल्या विद्यालयांमध्ये ३० टक्के मुलांची एका वर्षासाठी अदलाबदल होते. आठवीपर्यंत शिकवणं मराठीतून, नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून सर्वसाधारण कुटुंबांतल्या मुलांना महिना ६०० रुपये भरावे लागतात. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली मुलं यांना तो माफ आहे, तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी तो जास्त आहे.

कागद न जुळल्याने किंवा घरच्यांचं मन बदलल्याने काही जागा रिकाम्या राहतात आणि त्या प्रतीक्षा यादीतून भरल्या जातात. अर्जात दिलेला फोन नंबर म्हणूनच चालू ठेवावा. जागा ज्या गटातली रिकामी झाली त्याच गटातल्या पुढच्या मुलाला बोलावणं येतं, त्यामुळे शेजारच्या मुलाला बोलावलं आणि आपल्याला नाही, याचा अर्थ अन्याय झाला असा होत नाही.

सहावीत निवड झाली नाही तर आठवीत शिकत असताना नववीतल्या रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड चाचणी देता येते. सहावीची परीक्षा एकदाच देता येते हा नियम तिच्या आड येत नाही. तिलाही जन्मतारखेची चौकट आहे आणि आठवी त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असण्याची अटही आहे, म्हणून रजिस्टरातली तारीख यंदा दुरुस्त करायची राहिली असेल तर ते काम तोपर्यंत उरकून घ्यावं.